लघुप्रबंधाचा ऋणनिर्देश: कुणाचं नाव कुठं, आणि किती ओळी?

बालाघाटची_लेक
नमस्कार. एम.ए. समाजशास्त्राचा माझा लघुप्रबंध पुढच्या आठवड्यात बायंडिंगला द्यायचाय. सगळी प्रकरणं झाली, ऋणनिर्देशाचं पान मात्र अडलंय. विषय असा आहे: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली मुलं हंगामात गावीच राहिली तर शाळेत टिकतात का, आणि हंगामी वसतिगृहाचा त्यात किती हात असतो. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातले दोन तांडे घेतले (तांड्यांची नावं काढली आहेत – संपादक), चाळीस कुटुंबं.

आमच्या विभागातले जुने प्रबंध चाळले. सगळीकडं क्रम एकच दिसतो. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, मग मार्गदर्शक, मग विभागातले सगळे सर-मॅडम, ग्रंथपाल, आईवडील, मैत्रिणी, टंकलेखक आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे'. मीही तसंच लिहिलं, दीड पान झालं. वाचून बघते तर आरोग्य खात्याच्या ज्या आशाताई मला तांड्यावर घरोघर घेऊन फिरल्या, गोरमाटीतलं बोलणं मराठीत सांगत राहिल्या, त्या 'ज्ञात-अज्ञात'मध्ये गेलेल्या. आणि अध्यक्षांना, ज्यांच्याशी माझं कधी बोलणंही झालेलं नाही, चार ओळी.

ज्यानं जेवढं केलं तेवढंच लिहायचं, आणि त्याच क्रमानं लिहायचं, असं मला वाटायलंय. असं चालतं का? कुणी केलंय का?

वांगी_भरीत
गाईड पहिले, आई शेवटी, बाकी मधले. झालं की.

निवृत्त_लिपिक
ताई, विद्यापीठाच्या नियमात प्राचार्यांचं नाव आधी लागतं. मी महाविद्यालयाच्या कार्यालयात होतो, प्रबंध जमा करून घेताना आम्ही बघत असू. क्रम बदलला तर विभागप्रमुख सही करायला काचकूच करतात. पदाचा मान ठेवावा, त्यात आपलं काही जात नाही.

गोदाकाठचा_मास्तर
लिपिकसाहेब, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण प्रमाणपत्र आणि ऋणनिर्देश ही दोन वेगळी पानं आहेत. प्रमाणपत्रावर मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य यांच्या सह्या ठरलेल्या नमुन्यात लागतात, विद्यार्थ्याचं प्रतिज्ञापत्रही ठरलेलं असतं. तिथं पदाचा क्रम येतो आणि तो पाळायचाच. ऋणनिर्देश त्यानंतर येतो आणि ते पान विद्यार्थ्याचं असतं. मी बरीच वर्षं मार्गदर्शन केलं, बाहेरचा परीक्षक म्हणूनही बसलो. ऋणनिर्देशात प्राचार्य खाली आले म्हणून प्रबंध परत आलेला मी पाहिलेला नाही. तरी बालाघाटची_लेक, तुमच्या विभागाचा नमुना एकदा नजरेखालून घाला. तिथं क्रम लिहून दिलेला असेल तर गोष्ट वेगळी.

आता तुमच्या प्रश्नावर. एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला सगळी नावं लिहा. उजव्या बाजूला प्रत्येकापुढं लिहा: माझ्या प्रबंधातलं कोणतं पान, कोणता तक्ता, कोणती मुलाखत या माणसाशिवाय झाली नसती? माणूस किती मोठा किंवा किती जवळचा, हे तिथं लिहायचं नाही. उजवी बाजू कोरी राहिली की ते नाव बाजूला ठेवा. जिथं एक आख्खं प्रकरण लिहावं लागलं, ते नाव वर घ्या.

हे करून इथं टाका, मग बोलू.

तूरडाळ_परभणी
आमच्या कृषी विद्यापीठात तर सल्लागार समितीच असते. अध्यक्ष म्हणजे गाईड, मग सदस्य. त्यामुळं क्रमाचा पहिला अर्धा भाग आपोआप लागतो, तिथं डोकं लावावं लागत नाही. माझी अडचण पुढं होती. माझा प्रयोग सोयाबीनवर होता, तणनाशकांच्या मात्रांचा. त्यात एक प्लॉट हातानं खुरपलेला ठेवावा लागतो, तुलनेसाठी. ते खुरपण प्रक्षेत्रावरच्या बायांनी वेळेवर केलं म्हणून माझी तुलना उभी राहिली. एक खुरपणी आठवडाभर लांबली असती तर त्या हंगामाची सगळी आकडेवारी वाया गेली असती, पुढचा जून येईपर्यंत थांबावं लागलं असतं. ऋणनिर्देशात मात्र बॅचमधल्या पोरांची टोपणनावं आली, त्या बाया आल्या नाहीत. सगळ्यांचेच असे असायचे.

मास्तर म्हणायलेत तो कागद तेव्हा केला असता तर त्या बाया दुसऱ्या नंबरवर बसल्या असत्या.

सूत्रसंचालक_लातूर
आभाराचं काम नाजूक असतं हो. माझा पंचवीस वर्षांचा अनुभव सांगतो. व्यासपीठावरच्या पाहुण्यांपासून सुरुवात करायची, मंडपवाल्यापर्यंत जायचं, आणि कागद हातात ठेवायचा. नाव चुकलं तर लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. तुम्ही आभार थोडक्यात माना आणि शेवटी श्रोत्यांना विसरू नका.

वांगी_भरीत
दादा, ताईंना भाषण करायचं नाही, छापायचंय. 🙂

सूत्रसंचालक_लातूर
असं होय. मग तर जास्तच जपा. बोललेलं हवेत जातं, छापलेलं राहतं. नावाच्या स्पेलिंगबद्दल मी म्हणालो ते तरी लागू आहेच.

बालाघाटची_लेक
सर, कागद केला. रात्रीचे अकरा वाजले, पण झोप लागली नसती. जसा आहे तसा टाकते.

मार्गदर्शक मॅडम: मी 'ऊसतोड कामगारांच्या समस्या' असा विषय घेऊन गेले होते. त्यांनी दोन बैठकांत त्यातून शाळेच्या उपस्थितीचा एकच प्रश्न काढून दिला. प्रश्नावलीतले बरेच प्रश्न त्यांनी गाळले, प्रत्येक प्रकरण वाचून लाल पेनानं भरून दिलं. म्हणजे सगळाच प्रबंध.

आशाताई: चाळीसपैकी निम्म्याहून जास्त मुलाखती गोरमाटीत. चौथं प्रकरण जवळपास पूर्ण.

चाळीस कुटुंबं: हे कुठं लिहू कळेना. त्यांच्याशिवाय काहीच नाही.

मुकादम: त्यांनी टोळीतल्या कुटुंबांची यादी दिली. पहिली ओळख त्यांच्याकडूनच.

मुख्याध्यापक: दोन वर्षांचे हजेरीपट. तक्ते तीन आणि चार.

प्राचार्य: शाळेत हजेरीपट बघायचं परवानगीपत्र. ते नसतं तर मुख्याध्यापकांनी पट दाखवले नसते.

वर्गमित्र: वसतिगृहात राहिलेली मुलं आणि नातेवाइकांकडं राहिलेली मुलं यांच्या उपस्थितीची तुलना, काय-स्क्वेअर. एक्सेलमध्ये त्यानं बसवून दिलं.

ग्रंथपाल: साखर कारखानदारी आणि स्थलांतरावरचे जुने अहवाल. दुसरं प्रकरण.

भाऊ: मोटारसायकलवर नेणं-आणणं. आई: काय लिहू, सगळंच.

अध्यक्ष, सचिव, उपप्राचार्य: कोरं.

गोदाकाठचा_मास्तर
छान केलंत. तुमचा ऋणनिर्देश जवळजवळ याच कागदात आहे, फक्त वाक्यं करायची राहिलीत.

बघा, प्राचार्य आपोआप आले. पदामुळं नाही, परवानगीपत्रामुळं आले. त्यांना एक वाक्य द्या आणि त्या वाक्यात परवानगीपत्र म्हणा. 'अमूल्य सहकार्य' म्हणू नका. कुणी केलेलं काम नावानिशी सांगता येत असलं की 'अमूल्य', 'अनमोल', 'मोलाचे' हे शब्द लागत नाहीत. ते शब्द बहुतेक वेळा उजवी बाजू कोरी असताना येतात.

ओळींचं प्रमाणही यातूनच निघतं. मॅडमना तीन ओळी, आशाताईंना दोन-तीन, हजेरीपट आणि परवानगी मिळून दोन, बाकी एकेक. पानाच्या आत बसतं.

वर्गमित्राबद्दल मात्र एक विचारतो, राग मानू नका. काय-स्क्वेअर त्यानं बसवून दिलं म्हणजे काय? गणित त्यानं केलं आणि तुम्ही आकडा उतरवला, की त्यानं शिकवलं आणि तुम्ही केलं?

निवृत्त_लिपिक
मास्तर, परीक्षेआधीच मौखिकी सुरू केली तुम्ही!

गोदाकाठचा_मास्तर
तेच सांगायचंय साहेब. परीक्षक ऋणनिर्देश वाचतो. मी तरी आधी तेच पान वाचतो, कारण काम कुणी केलं ते तिथं कळतं. 'सांख्यिकी विश्लेषणासाठी अमुक यांचे आभार' असं दिसलं की माझा पहिला प्रश्न त्या तक्त्यावर येतो. अपेक्षित वारंवारता कशी काढली, एखाद्या चौकटीत पाचपेक्षा कमी आली होती का, आली असेल तर काय केलं. विद्यार्थ्याला सांगता आलं तर विषय संपला. नाही आलं तर तो तक्ता त्याचा नाही हे उघड होतं.

बालाघाटची_लेक
पहिल्यांदा त्यानं करून दाखवलं, मग मी दुसऱ्या तांड्याचं स्वतः केलं. पहिलं आज रात्री परत करून बघते. पाचपेक्षा कमीचं मला माहीत नव्हतं सर. तपासते.

तुळजापूरची_सावली
मी धागा उशिरा वाचला, पण मला क्रमापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली म्हणून लिहितेय. मी तुळजापूरला समाजकार्य शिकले, आता क्षेत्रावरच काम करते.

ताई, तुमच्या संमतीपत्रात काय लिहिलंय? बहुतेक 'तुमचं नाव आणि गाव कुठंही येणार नाही' असं असेल. तुम्ही प्रकरणांत 'तांडा अ', 'तांडा ब' असं म्हणताही असाल. पण ऋणनिर्देशात मुख्याध्यापकांचं नाव शाळेसकट छापलं की तांडा अ कोणता ते तालुक्यातल्या कुणालाही कळतं. शंभर पानं नावं झाकायची आणि पहिल्याच पानावर उघडायची, असं होतं. मी हे बऱ्याच प्रबंधांत बघितलंय. एक सोपी तपासणी आहे: फक्त ऋणनिर्देश हातात असलेला तुमच्याच तालुक्यातला माणूस त्या तांड्यापर्यंत पोचू शकतो का? पोचत असेल तर पान दुरुस्त करा.

आणि मुकादम. त्यांचं नाव तर मुळीच नको असं माझं मत. ती कुटुंबं त्यांच्याकडून उचल घेतात. मुलं मागं का ठेवली, कुणाजवळ ठेवली हे सांगताना उचलीचा विषय निघालाच असणार. मुकादमाचं नाव छापलं म्हणजे टोळी कळली, टोळी कळली म्हणजे चाळीस घरं कळली. उद्या त्यांनी कुणाला विचारलं, 'मॅडमला काय सांगितलंस?', तर त्या बाईनं काय सांगायचं? तिला पुढच्या हंगामात त्याच टोळीत जायचंय.

बालाघाटची_लेक
संमतीपत्रात तसंच आहे. अक्षरशः तसंच. आणि उचलीबद्दल बऱ्याच जणी बोलल्यात, अवतरणं आहेत. मी मुकादमांना दोन ओळी दिल्या होत्या. आता काढल्या.

पण त्यांनी स्वतः विचारलंय, 'पुस्तकात आमचं नाव येतंय ना?'

गोदाकाठचा_मास्तर
सावलीताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. त्यात एक भर घालतो. मुकादमाच्या यादीतून कुटुंबं निवडली, हे ऋणनिर्देशातून काढलं तरी तिसऱ्या प्रकरणात आलंच पाहिजे. यादी त्यांनी दिली म्हणजे ज्यांच्याशी त्यांचं पटत नाही, ज्यांची उचल फिटलेली नाही, अशी घरं यादीत नसण्याची शक्यता आहे. नमुना निवडीची मर्यादा म्हणून ते लिहा. तिथं 'स्थानिक मुकादमाकडून मिळालेल्या यादीवरून' एवढं पुरे. नाव नको.

म्हणजे त्यांचं योगदान लपत नाही, ते योग्य पानावर जातं. त्यांना तोंडी सांगा की गावाचं, कुणाचंच नाव छापत नाही, तुमचंही नाही. सगळ्यांना एकच नियम म्हटल्यावर माणूस समजून घेतो.

रानपाखरू
मग आशाताईंचंही नाव काढणार का तुम्ही?

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. आजवर कितीतरी संशोधक, विद्यार्थी, सर्वेवाले तिच्याकडं आले. तिनं घरं दाखवली, चहा पाजला, बायांना बोलतं केलं. एकाही अहवालात तिचं नाव नाही. 'स्थानिक कार्यकर्तीच्या मदतीने.' बस्स. डॉक्टर, प्राध्यापक, प्राचार्य यांची नावं पदवीसकट छापायची, आणि जिच्यामुळं चौथं प्रकरण झालं ती बाई गोपनीयतेच्या नावाखाली पुसायची. नावं नेमकी गरिबांचीच कशी गळतात? मला हा नियम पटत नाही. बालाघाटची_लेक, तुला खरंच वजनाप्रमाणं लिहायचंय ना, मग तिचं नाव लिही.

तुळजापूरची_सावली
रानपाखरू, तुझ्या आईबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, आणि मलाही ते लागतं. पण गोपनीयता इथं आशाताईंसाठी नाही गं, त्या चाळीस घरांसाठी आहे. साधारण हजार वस्तीला एक आशा असते. तिचं नाव म्हणजे गावाचं नाव. आशाताईंना स्वतःच्या नावाची परवानगी देता येते, शेजारणींच्या वतीनं देता येत नाही.

रानपाखरू
एम.ए.चा लघुप्रबंध किती जण वाचतात? तो काही शोधगंगेवर जात नाही, तिथं पीएच.डी.चे प्रबंध जातात. तीन-चार प्रती निघतात. एक विभागात, एक ग्रंथालयात, एक गाईडकडं, एक घरी. मुकादम ग्रंथालयात येऊन बसणार आहे का?

तुळजापूरची_सावली
महाविद्यालय त्याच पट्ट्यातलं आहे. मुकादमाचा भाचा तिथंच बी.ए.ला असेल तर?

बालाघाटची_लेक
भाचा नाही, पण त्यांची मुलगी आमच्याच महाविद्यालयात आहे. सावलीताई, तुम्ही हे लिहिलं आणि माझ्या पोटात धस्स झालं.

मी आशाताईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, 'माय, नाव टाक. माझ्या पोरीला दाखवीन.' मी सगळं समजावून सांगितलं, तरी त्यांचं तेच म्हणणं. मलाही टाकायचंय. काय करू?

गोदाकाठचा_मास्तर
इथं सगळ्यांना पटेल असं उत्तर माझ्याकडं नाही. दोन वाटा दिसतात, त्या सांगतो.

पहिली वाट: नाव ठेवा, पण 'आशा' हे पद, गाव, तालुका यांतलं काही लिहू नका. फक्त नाव आणि काम. 'गोरमाटी-मराठी दुभाषी म्हणून' असं म्हणा. ते खरंही आहे, कारण प्रबंधाला त्यांनी जे दिलं ते दुभाषाचंच काम आहे. त्यांची नोकरी त्यात कुठं येत नाही. बाहेरच्या वाचकाला यातून गाव कळत नाही. गावातल्या माणसाला मात्र कळेल, हे सावलीताईंचं म्हणणं उरतंच.

दुसरी वाट: छापील पानावर नाव न घेता कामाचं पूर्ण वर्णन करा, सगळ्यात जास्त ओळी द्या, आणि त्यांना द्यायच्या प्रतीत त्याच पानावर तुमच्या हातानं त्यांचं नाव लिहून सही करा. मुलीला दाखवायला ती प्रत त्यांच्या घरी राहील.

उचलीबद्दलची अवतरणं किती थेट आहेत, ते बघून ठरवा. एखाद्या अवतरणावरून बाई ओळखू येत असेल, समजा तिघी मुली आणि वारलेला नवरा असा तपशील असेल, तर आधी ते अवतरण सैल करा. धोका ऋणनिर्देशापेक्षा तिथं जास्त आहे.

रानपाखरू
दुसरी वाट मला अर्धवट वाटते. हातानं लिहिलेलं नाव एकाच प्रतीत. पण ठीक आहे, मुलगी बघेल.

तूरडाळ_परभणी
मला पहिली वाट बरी वाटती. नाव + दुभाषी.

अक्षरजुळणी_नांदेड
माझं डीटीपीचं दुकान आहे, विद्यापीठाजवळ. मे महिन्यात दिवसाला कितीतरी प्रबंध येतात. दोन गोष्टी सांगतो.

पोरं ऋणनिर्देश मागच्या वर्षीच्या प्रबंधातून उचलतात. मी विचारलं तर म्हणतात, 'काका, हे पान साहित्यचौर्य तपासणीत धरतच नाहीत.' त्यांचं बरोबर आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत साम्य मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश ही पानं वगळलेली आहेत. पण माझ्या दुकानात एकाच विभागाचे प्रबंध एका टेबलावर असतात. तोच 'ज्ञानाचा अथांग सागर' तीन मार्गदर्शकांना. वाचणाऱ्याला कळतं की हो.

दुसरी गोष्ट, ते लातूरचे सूत्रसंचालक म्हणाले ती. श्री-लिपीतून युनिकोडमध्ये फाइल बदलली की जोडाक्षरं मोडतात, आणि मोडतात ती नेमकी नावांतली. प्रकरणातली चूक कुणी तरी शोधून काढतं, आडनावातली चूक त्या माणसालाच दिसते, तेही बायंडिंग झाल्यावर. ऋणनिर्देशाचं पान वेगळं छापून ज्यांची नावं आहेत त्यांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा. नाव, पदवी, पद बरोबर आहे का विचारा. परवानगीही त्यातच होऊन जाते.

गोदाकाठचा_मास्तर
काकांचं परवानगीचं वाक्य मोलाचं आहे. ज्याचं नाव छापलं तो या कामाला मान्यता देतो, असा अर्थ वाचक काढतो. त्यामुळं विचारणं भागच आहे. माझं नाव एकदा मी न वाचलेल्या प्रबंधात आलं होतं आणि त्यातल्या निष्कर्षाबद्दल लोक मला विचारत राहिले.

निवृत्त_लिपिक
टंकलेखकाचे आभार मानावेत का? पैसे दिलेले असतात.

अक्षरजुळणी_नांदेड
पैसे मिळतात, आभार नाही मानले तरी चालतं. रात्री दोनपर्यंत बसून तक्ते लावून दिले असतील तर एक ओळ लिहिली की बरं वाटतं, एवढंच.

बालाघाटची_लेक
सगळ्यांचं वाचून नवीन लिहिलंय. नावांच्या जागी रेघा ठेवल्यात. कठोरपणे वाचा.

"ज्या चाळीस कुटुंबांनी ऊसतोडीला निघायच्या घाईत मला ओसरीवर बसवून घेतलं आणि मुलांना मागं ठेवण्याबद्दल मोकळेपणानं सांगितलं, त्यांच्या बोलण्यावर हा लघुप्रबंध उभा आहे. त्यांना दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांची, त्यांच्या गावांची आणि शाळेची नावं इथं दिलेली नाहीत.

माझ्या मार्गदर्शक डॉ. —— यांनी ऊसतोड कामगारांच्या मोठ्या विषयातून शाळेतल्या उपस्थितीचा हा एक प्रश्न मला वेगळा काढून दिला, प्रश्नावली नेमकी करून घेतली आणि प्रत्येक प्रकरणाचा मसुदा ओळ न ओळ वाचला.

श्रीमती —— यांनी गोरमाटी-मराठी दुभाषी म्हणून निम्म्याहून अधिक मुलाखतींत काम केलं. माझे प्रश्न तांड्याच्या बोलीत कसे विचारावेत हे त्यांनी ठरवलं आणि चौथ्या प्रकरणातली अवतरणं पुन्हा ऐकून तपासून दिली.

शाळेच्या मुख्याध्यापकांनी दोन वर्षांचे हजेरीपट पाहू दिले. त्यासाठीचं परवानगीपत्र प्राचार्य डॉ. —— यांनी दिलं. दुसऱ्या प्रकरणासाठी लागणारे जुने अहवाल ग्रंथपाल श्री. —— यांनी शोधून काढले. —— याने काय-स्क्वेअर कसोटी शिकवली. आकडेमोड आणि त्यावरचे निष्कर्ष माझे आहेत.

भाऊ —— याने प्रत्येक क्षेत्रभेटीला मोटारसायकलवर नेलं-आणलं. आईने हंगामाच्या ऐन कामात मला शेतातून मोकळं ठेवलं, म्हणून हे लिहून झालं.

यात राहिलेल्या चुका माझ्या आहेत."

वांगी_भरीत
आईचं वाक्य लई भारी.

तुळजापूरची_सावली
मुख्याध्यापकांचं नाव आणि शाळा काढलीत, बरं केलंत. 'श्रीमती ——' बद्दल माझी शंका अजून आहे, पण निर्णय तुमचा आणि त्यांचा. एक विचारते: 'अवतरणं पुन्हा ऐकून' म्हणजे रेकॉर्डिंग? संमतीपत्रात रेकॉर्डिंगची संमती घेतली होती ना? आणि तेच रेकॉर्डिंग आशाताईंनी परत ऐकलं हे त्या घरांना माहीत आहे?

बालाघाटची_लेक
रेकॉर्डिंगची घेतली होती. त्या मुलाखतीत समोरच बसलेल्या होत्या, फक्त त्यांच्याच मुलाखती त्यांनी ऐकल्या. मराठीतल्या मुलाखती मी कुणालाच ऐकवल्या नाहीत.

तुळजापूरची_सावली
मग ठीक. हे तिसऱ्या प्रकरणात एका वाक्यात लिहा.

निवृत्त_लिपिक
कुटुंबं मार्गदर्शकांच्याही आधी? मॅडमना चालेल का?

गोदाकाठचा_मास्तर
माझ्या पिढीत आम्ही मार्गदर्शक आधी लिहीत असू आणि मला अजूनही तसंच बरं वाटतं. प्रश्न मार्गदर्शकाचा, उत्तरं लोकांची, आणि प्रश्न आधी येतो. पण ज्यांच्या बोलण्यातून प्रबंध झाला त्यांना आधी ठेवणं चूक म्हणता येणार नाही. मॅडमना दाखवा. मला वाटतं त्या हसून सही करतील.

'मोकळेपणानं सांगितलं' हे मात्र काढा. यादी मुकादमाची होती, काही बायका मोकळेपणानं बोलल्या नसतील. 'सांगितलं' एवढंच ठेवा.

रानपाखरू
हो, हे काढ. आणि ताई, विभागप्रमुख कुठायत? ते सही करणार आहेत ना?

बालाघाटची_लेक
विभागप्रमुखांना काल मसुदा दाखवला. त्यांनी स्वतःचं नाव विचारलं नाही, पण अध्यक्षांचं नाव नाही हे बघून थांबले. म्हणाले, 'आपली परंपरा आहे, वर एक ओळ टाका.' मी सांगितलं की सर, संस्थेनं मला जे दिलं ते ग्रंथालय आणि परवानगीपत्र, ते मी लिहिलंय. ते म्हणाले, 'विचार करतो.' मॅडम माझ्या बाजूनं बोलल्या.

निवृत्त_लिपिक
ताई, तोडगा सांगू? ग्रंथपालांच्या वाक्यात 'संस्थेच्या ग्रंथालयातले' असा शब्द घाला. खोटं काही नाही, संस्था आली, क्रमही मोडला नाही. कार्यालयात असे शब्द शोधण्यातच आमचं आयुष्य गेलं.

गोदाकाठचा_मास्तर
साहेब, हे उत्तम. मला सुचलं नसतं.

बालाघाटची_लेक
घातला. सोमवारी परत दाखवते. पाचपेक्षा कमीचंही तपासलं सर, एका चौकटीत आली होती. मॅडमशी बोलून दोन गट एकत्र केले आणि तसं तक्त्याखाली लिहिलं. निष्कर्ष थोडा मवाळ झाला.

आशाताईंना पान वाचून दाखवायला उद्या तांड्यावर जायलेय. नाव छापायचं की हातानं लिहायचं, ते तिथं परत विचारीन.

अक्षरजुळणी_नांदेड
छापायला देताना पीडीएफ द्या, वर्डची फाइल नको. आणि सुरुवातीच्या पानांचे क्रमांक वेगळे ठेवा, नाहीतर अनुक्रमणिकेतले पानक्रमांक सरकतात.

तूरडाळ_परभणी
ताई, विभागप्रमुख काय म्हणाले ते इथं नक्की टाका. माझा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी जमा करणार आहे.